बोरन्हाणाचं झबलं आणि आवळलेली दुमड

संक्रांतीला आठ दिवस होते. शेजारच्या काकूंची सून दुपारच्या वेळी हातात काळं झबलं घेऊन माझ्याकडे आली. लेकीचं पहिलं बोरन्हाण, म्हणून तिने विकतचा काळा फ्रॉक न आणता स्वतः विणलं होतं. दोन महिने रात्री जागून केलेलं काम. अंगाची वीण इतकी एकसारखी होती की मी आधी ते उजेडाकडे धरून नुसतं बघत राहिले. खाली आणि गळ्याला कंगोऱ्यांचा काठ होता, आणि सगळा घोटाळा तिथेच झालेला.

"काकू, डोक्यातून जातच नाही की हो. मापानं बरोबर घातलंय. आणि खाली बघा, झालरीसारखं बाहेर आलंय."

मी झबलं टेबलावर पसरलं आणि टेप काढला. अंगाची रुंदी 30 सेंटीमीटर, अगदी तिने ठरवली होती तेवढी. खालचा काठ मात्र 33. काठाच्या जरा वर, जिथे दुमड आत शिवली होती, तिथे रुंदी 28 भरली. म्हणजे झबलं एका ओळीवर आवळलं होतं आणि त्याच्या खाली पसरलं होतं. गळा नुसता ठेवला तर 33 सेंटीमीटर, आणि दोन्ही हातांनी होता होईल तेवढा ताणला तर 38. पोरीच्या डोक्याचा घेर तिने मोजून आणला होता, 45. लोकरीचा विणलेला गळा 33 चा 38 वर थांबतो, हे मला खटकलं. साध्या सुलट विणीने सहज दीडपट ताणायला हवं.

हे प्रकरण मी सविस्तर लिहिते आहे, कारण दुमडलेल्या काठात जे जे बिघडू शकतं त्यातलं बहुतेक सगळं या एका झबल्यात होतं, आणि तरीही झबलं वाया गेलं नाही.

काठ कसा घातला होता

कंगोऱ्यांच्या या काठालाही पिकोच म्हणतात, पण साडीच्या पिको-फॉलमधला पिको आणि हा काठ यांचं काम वेगळं आहे. साडीची कड मशीनवर गुंडाळून बारीक दोऱ्याने बांधतात. विणकामातला कंगोरा शिवून येतच नाही, तो दुमडीतून येतो. आधी आतली पट्टी विणायची, मग सुलट बाजूने एक जाळीची ओळ घ्यायची: लोकर सुईवर पुढून घेऊन एक जाळी, पुढच्या दोन टाक्यांचा एक, पुन्हा जाळी, पुन्हा दोनाचा एक. जेवढा टाका कमी होतो तेवढीच जाळी वाढते, म्हणून टाक्यांची संख्या तीच राहते. त्यानंतर बाहेरचा भाग पुढे विणत जायचं. काम झाल्यावर जाळीच्या ओळीवर घडी घातली की प्रत्येक भोक अर्धं पुढे, अर्धं मागे जातं आणि दोन भोकांमधला टाका टोकासारखा वर येतो. हाच कंगोरा.

सूनबाईने चार पदरी काळी बेबी लोकर आणि दहा नंबरच्या सुया वापरल्या होत्या. आपल्याकडे सुयांचा नंबर जसा वाढतो तशी सुई बारीक होते. दहा नंबर म्हणजे सव्वातीन मिलिमीटर, बारा नंबर म्हणजे पावणेतीन. तिच्या हाताला 10 सेंटीमीटरमध्ये 28 टाके आणि 36 ओळी येत होत्या. पुढचा आणि मागचा भाग वेगवेगळा विणून नंतर बाजू शिवल्या होत्या. प्रत्येक भागाला 84 टाके: दोन्ही टोकांना एकेक साधा टाका आणि मध्ये 41 जोड्या, म्हणजे 41 कंगोरे. आतली पट्टी 8 ओळींची, जाळीची एक ओळ, मग अंग. हिशोबात कुठेही चूक नव्हती.

गळ्याला दोन्ही टोकांच्या चार सुया, म्हणजे मोज्यांच्या सुया घेऊन तिने 92 टाके उचलले होते, 4 फेऱ्या, जाळीची फेरी, पुन्हा 4 फेऱ्या विणून टाके बंद केले आणि पट्टी आत दुमडून शिवली.

"शिवलीस कशाने?" मी विचारलं.

तिने झबलं उलटं केलं. शिवणाचा काळा दोरा, दुहेरी, आणि प्रत्येक टाक्यावर उलटी टीप. टीप इतकी सुरेख की मशीनवर मारल्यासारखी. तेव्हा माझ्या लक्षात आलं. तिच्या माहेरी टॉवेल शिवायचं काम असतं. मागावरून आलेल्या टॉवेलची दोन्ही टोकं दुमडून टीप मारणं हे तिने लहानपणापासून पाहिलेलं आणि केलेलं. सोलापुरात असे हात घरोघरी आहेत. टॉवेलच्या दुमडीला टीप घट्ट आणि जवळजवळच लागते, कारण मागावरच्या कापडात उभा आणि आडवा धागा सरळ ताणलेला असतो. ते कापड ताणत नाही, म्हणून दोऱ्यालाही ताणावं लागत नाही. विणलेल्या लोकरीत मात्र धागा प्रत्येक टाक्याला वळसा घेऊन चालतो. ओढलं की वळसा सरळ व्हायला लागतो आणि कापड लांबतं. त्यावर ताणच न घेणारा दोरा उलट्या टिपेने बांधला की कापडाचं लांबणं तिथेच संपतं. गळा 38 वर का थांबत होता, त्याचं उत्तर हे. तिथला दोराच त्याला 38 च्या पुढे जाऊ देत नव्हता.

एक कारण की दोन?

खालचा काठ पसरला होता त्याचं खापरही या टिपेवर फोडणं सोपं होतं. पण तसं धरून नुसती शिवण बदलली असती तर काम दोनदा करावं लागलं असतं. म्हणून आधी पारख केली. खालची टीप साधारण 10 सेंटीमीटर उसवली, पट्टी मोकळी केली आणि तेवढाच भाग टेबलावर हलक्या हाताने पसरला.

वरची आवळलेली रेघ लगेच सैल झाली. 28 वर बसलेलं अंग तिथे 30 च्या प्रमाणात आलं. म्हणजे आवळण्याला टीपच जबाबदार होती. पण घडीचा काठ पूर्ण आत आला नाही, तो अजून 32 च्या प्रमाणात पसरलेलाच होता. म्हणजे दुसरं कारण पट्टीतच होतं.

तिने आतली पट्टीही दहा नंबरनेच विणली होती. जी रुंदी अंगाला, तीच पट्टीला. दुमडल्यावर पट्टी अंगाच्या आतल्या बाजूला जाते, तिथे जागा बाहेरच्यापेक्षा थोडी कमी असते, आणि लोकरीला जाडी असते. त्यात जाळीची ओळ मुळातच जरा पसरते. आत न मावणारी पट्टी मग बाहेरच्या थराला ढकलते आणि काठ घंटेसारखा उघडतो. उपाय म्हणजे आतली पट्टी बाहेरच्यापेक्षा साधारण दहावा हिस्सा अरुंद ठेवायची. ते दोन प्रकारे होतं. टाकेच कमी घालता येतात, पण मग शिवताना आतले टाके आणि बाहेरचे टाके जुळत नाहीत, दर नऊ-दहा टाक्यांनी एक सोडावा लागतो आणि तिथे हमखास चूक होते. मला दुसरा प्रकार आवडतो: टाके तेवढेच, सुई दोन नंबर बारीक. बारा नंबरवर तिच्याच हाताने 84 टाक्यांचा नमुना विणवून घेतला, तो 27 सेंटीमीटर भरला. तीन सेंटीमीटर कमी, आणि एका टाक्यासमोर एकच टाका.

आता पट्टी बारा नंबरने नव्याने विणायची. पण पट्टी तर कामाच्या सुरुवातीला होती, तिच्यावर अख्खं झबलं उभं. सूनबाईचा चेहरा उतरला. "म्हणजे सगळं उसवायचं?"

नाही. कात्री लागणार होती.

खालून कापणं

सुलट विणीचं कापड वरून, म्हणजे जिथे टाके बंद केले त्या बाजूने, सरसर उसवतं. ज्या बाजूने टाके घातले त्या बाजूने ते उसवत नाही. तिथे प्रत्येक टाक्यातून धागा हाताने ओढून काढावा लागतो. म्हणून खालची एक ओळ कापून काढली तरी वरचं अंग सुटत नाही, फक्त खालचे फास मोकळे होतात आणि ते सुईवर घेता येतात. हे माहीत असलं तरी दोन महिन्यांच्या कामाला कात्री लावताना हात थांबतो, आणि थांबावा. आम्ही त्या दिवशी काही कापलं नाही. संध्याकाळ झाली होती, आणि काळ्या लोकरीवर दिव्याच्या उजेडात असलं काम करायचं नाही, हा माझा नियम आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन खिडकीत आल्यावर बसलो. मांडीवर पांढरा टॉवेल पसरला, म्हणजे काळ्या टाक्यांच्या फटीतून खालचं पांढरं दिसतं आणि प्रत्येक फास वेगळा ओळखू येतो. बाजूच्या शिवणी खालून पाच सेंटीमीटर उसवल्या, उरलेली टीप काढली. मग जाळीच्या ओळीपासून मोजलं. जाळीला लागून असलेली पट्टीची ओळ तशीच ठेवायची, तिला हात लावला तर जाळी ढिली पडते. तिच्यापलीकडची, म्हणजे टाके घातल्यापासून सातवी ओळ काढायची. ओळीच्या मधोमध एकच टाका उचलून कापला, आणि बोथट सुईच्या टोकाने धागा एकेका फासातून बाहेर काढत आधी डावीकडे, मग उजवीकडे गेलो. धागा निघत जाईल तसे वरचे मोकळे फास बारा नंबरच्या सुईवर घेत गेलो. खालची सहा ओळींची पट्टी वेगळी होऊन हातात आली.

फास मोजले तर 83 भरले. सूनबाई घाबरली, पण हे असंच होतं. विणीला उलट दिशेने उचललं की फास दोन टाक्यांच्या मधले येतात, अर्धा टाका एका टोकाला, अर्धा दुसऱ्या टोकाला राहतो. कडेच्या धाग्यात सुई घालून एक उचलला, 84 झाले. या उचलण्याने उभ्या रेषा अर्ध्या टाक्याने सरकतात, पण ते सगळं आतल्या बाजूला जातं, बाहेरून दिसत नाही.

तिथून खालच्या दिशेने बारा नंबरने पट्टी विणायची. किती ओळी? बाहेर 8, म्हणून आतही 8 असं पाठ करून चालत नाही. बारीक सुईवर ओळही बुटकी होते. जुनी एक ओळ राहिली होती, म्हणून तिला नव्या 7 ओळी विणायला सांगितल्या आणि टाके सुईवरच ठेवून घडी घालून टाचण्या लावल्या. कंगोरे किंचित आतल्या बाजूला झुकले. पट्टी बुटकी पडली की ती घडीलाच आत ओढते. याउलट पट्टी उंच झाली तर घडी पुढे लोंबते, टोकं बाहेरच्या बाजूला कलतात आणि पट्टीला मध्ये फुगा येतो. टोकं सरळ खाली बघत असली की उंची बरोबर. आम्ही आणखी एक ओळ घातली, पुन्हा घडी घातली आणि टोकं सरळ झाली. नवीन 8 ओळी, जुनी 1.

टाके बंद केले नाहीत. बंद केलेली कड जाड दोरीसारखी होते. ती आत शिवली की बाहेरून तिचा वळ उठतो, आणि ताणतही नाही. म्हणून सगळे टाके सुईवरून एका पांढऱ्या दोऱ्यावर उतरवून घेतले. मागच्या भागालाही हेच केलं. तोवर दुपार उलटली होती. बाजूच्या शिवणी पट्टीसकट पुन्हा घातल्या आणि त्या दिवशी तिथेच थांबलो.

सैल शिवणं म्हणजे किती सैल

पट्टी सैल शिवा, असं सगळे सांगतात. सैल म्हणजे किती, हे बहुतेक वेळा कोणी दाखवत नाही. सूनबाईच्या हाताला तर घट्ट टीपच खरी वाटत होती. म्हणून शिवायच्या आधी तिच्याकडून आणखी एक पांढरा दोरा ओवून घेतला. झबलं उलटं करून जाळीच्या ओळीपासून अंगाच्या आठव्या ओळीवर ज्या उलट टाक्यांच्या गाठी दिसतात, त्यांच्यातून बारीक सुईने तो दोरा सबंध घेरात नेला. दोन्ही टोकांना आणि मध्ये तीन जागी ओळी मोजून खात्री केली. काळ्या लोकरीवर शिवताना नजर एक ओळ वर किंवा खाली सहज जाते आणि दुमड वाकडी होते. पांढरी रेघ समोर असली की प्रश्न राहत नाही. आधीच्या शिवणीत पुढून बघितलं तर पन्नासएक ठिकाणी बारीक ठिपके दिसत होते, कारण दोरा गाठीखालून न जाता कापडाच्या आरपार गेला होता. आता नियम एकच: सुई गाठीच्या वरच्या अर्ध्याच धाग्यात जायची, पुढच्या बाजूला तिचं टोक दिसताच कामा नये.

शिवायला तीच काळी लोकर आणि बोथट टोकाची जाड सुई घेतली. टोकदार सुई लोकरीचे पदर फाडून मधून जाते आणि मग टाका सरकत नाही. लोकर एका भागासाठी मीटरभर, म्हणजे कडेच्या साधारण तिप्पट, आणि वर थोडी जास्त. सुई आधी पांढऱ्या रेघेवरच्या एका गाठीत, मग त्याच्यासमोरच्या मोकळ्या टाक्यात, मग शेजारच्या गाठीत. एका रेषेला एक टाका. टाका पांढऱ्या दोऱ्यावरून सोडवायचा तो शिवून झाल्यावरच.

समोरची रेषा कुठली, हे कंगोऱ्यावरून ठरवायचं. जाळीच्या भोकातून सरळ वर जाणारी रेषा बोटाने धरली की तीच आतल्या बाजूलाही मिळते. आधीच्या शिवणीत ती हळूहळू सरकत शेवटी पाच टाके पुढे गेली होती. त्यामुळे दुमडीवर तिरप्या सुरकुत्या पडल्या होत्या, पिळलेल्या कपड्यावर पडतात तशा. एकेक टाका बघितला तर हे सरकणं कळत नाही. म्हणून दर दहा टाक्यांवर आत आणि बाहेर मोजून एक टाचणी लावली. शिवताना टाचणीशी पोचल्यावर टाके जुळले नाहीत तर मागचे दहाच उसवायचे.

आता सैलपणा. दहा टाके शिवून झाले की सुई सोडायची, शिवलेला भाग दोन्ही हातांत धरून अंगाची वीण जेवढी ताणते तेवढा ताणायचा. ताणताना लोकर कडक तारेसारखी लागली तर ती आखूड आहे. ताणलेल्याच अवस्थेत टाक्याटाक्यांतून थोडी लोकर पुढे सोडायची. सोडल्यावर शिवण पुन्हा आपल्या जागी येते आणि आतून बघितलं तर लोकर अंगाच्या टाक्यांएवढीच फुललेली दिसते. तोच मोजमापाचा टाका. त्याहून मोठे फास लोंबत असतील तर जास्त झालं. लहान मुलांच्या कपड्यात तर हे विशेष सांभाळायचं, पायाचं बोट त्या फासात अडकतं. मी दोन-दोन टाके सोडून शिवत नाही तेही याचसाठी. सैलपणा लोकरीत हवा, टाक्यांमधल्या अंतरात नको.

पहिल्या दहा टाक्यांना सूनबाईने चारदा लोकर सोडली. तिसाव्या टाक्यापर्यंत हाताला अंदाज आला. मी मग बोलायची थांबले.

गळा

गळ्याला खालचा नियम जसाच्या तसा लावला तर बिघडतं. खालच्या काठात आतली पट्टी अरुंद हवी. गळ्याची पट्टी उभी राहून आत खांद्याकडे उतरते, आणि जिथे ती शिवायची तो टाके उचललेला घेर घडीच्या घेरापेक्षा लहान नसतो, गोल गळ्यात तर मोठाच असतो. तिथे आतली पट्टी आवळली की ती शिवणीपर्यंत पोचायला ओढावी लागते. म्हणून गळ्याची आतली पट्टी तिच्या दहा नंबरचीच राहू दिली. फक्त उलटी टीप काढली आणि टाके बंद केलेली कड उसवली. ती वरची बाजू, त्यामुळे ती मुकाट्याने उसवली. 92 टाके पांढऱ्या दोऱ्यावर आले.

गळ्याला ताणून बघणं पुरेसं नसतं, तो नेमका किती ताणायला हवा हा आकडा ठरलेला असतो. डोकं 45, म्हणजे निदान 47 चा घेर आरामात जायला हवा. मी स्वयंपाकघरातून पोह्यांचा स्टीलचा डबा आणला. त्याचा व्यास 15 सेंटीमीटर, घेर 47. डबा रिकामा करून पुसला, झबलं उलटं केलं आणि गळा त्या डब्याच्या तोंडावर चढवला. टीप निघाल्यावर तो सहज चढला. मग पट्टी बाहेरच्या बाजूने खाली दुमडून, टाके उचलले होते तिथे जी उंचवट्याची रेघ असते तिच्या गाठींना एकेक टाका शिवला. डब्यावर ताणलेल्या अवस्थेत शिवलं की जेवढी लोकर लागते तेवढीच आत जाते. आवळायचं म्हटलं तरी आवळता येत नाही. सुई चालवायला मात्र वेळ लागतो, कारण गाठी ताणून चपट्या होतात. 92 टाक्यांना आमचा सव्वा तास गेला.

डबा काढल्यावर गळा पुन्हा 33 वर आला. आतून शिवण किंचित लहरी दिसली, बाहेरून काही नाही. ताणला तर 48.

तिने मध्येच एक चांगला प्रश्न विचारला होता. शिवायच्या भानगडीत न पडता, आतले मोकळे टाके आणि अंगाचे टाके दोन्ही सुयांवर समोरासमोर धरून दोन-दोन एकत्र विणले तर? करता येतं, आणि खालून वर विणत असताना दुमडीच्या उंचीला पोचल्यावर तिथल्या तिथे करता येतं. त्यासाठी सुरुवातीला वेगळ्या रंगाच्या टाकाऊ लोकरीने टाके घालायचे, म्हणजे नंतर ती काढून मोकळे टाके मिळतात. काम लवकर होतं, वेगळी शिवण राहत नाही. पण ओळ एकत्र विणलेल्या जागी कापड जाड आणि जरा ताठ होतं. खालच्या काठाला मी ते चालवून घेते, गळ्याला नाही. बाहीच्या मनगटाला तर मी दुमडीचा काठच घालत नाही. तिथे एक सुलट एक उलट हवं, ते मनगट धरून ठेवतं. दुमड सरळ लोंबते, धरत नाही. आठ पदरी जाड लोकरीलाही दुमड सोसत नाही. दोन थर मिळून काठ पट्ट्यासारखा होतो. तिथे आतली पट्टी त्याच रंगाच्या पातळ लोकरीची घ्यावी.

शेवटी इस्त्रीचा विषय निघाला. खालचा काठ अजून पूर्ण चपटा बसला नव्हता आणि तिला इस्त्री फिरवायची होती. तिची बेबी लोकर ॲक्रिलिकची. त्यावर गरम इस्त्री ठेवली की धाग्याचा जीव जातो, वीण चपटी आणि ढिली होऊन तशीच राहते, मग काहीही केलं तरी परत उठत नाही. सुती धागा असता तर ओलं फडकं घालून चाललं असतं. आम्ही झबलं कोमट पाण्यात भिजवलं, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपलं, आणि चटईवर पसरून प्रत्येक कंगोऱ्याचं टोक बोटाच्या चिमटीने बाहेर ओढून ठेवलं. 82 टोकं खाली, 46 गळ्याला. जानेवारीची कोरडी हवा, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते वाळलं.

वाळल्यावर मोजलं. अंग 30, खालचा काठ 30 ला अगदी थोडा कमी, शिवणीची रेघ 30. पुढून ठिपके नाहीत. कंगोरे सगळे एका रेषेत. शिवलेल्या लोकरीची टोकं मात्र बोटभर लांब तशीच आत सोडून ठेवायला सांगितली. पहिल्या धुण्यानंतर लोकर आपली जागा घेते आणि कुठे ओढ पडली असेल तर ती टोकं मोकळी असल्यावरच सोडवता येते. ती नंतर पट्टीच्या आत ओवायची.

बोरन्हाण रविवारी झालं. गळा एका झटक्यात डोक्यावरून खाली आला, पोरगी रडलीसुद्धा नाही. हलव्याचा हार एका कंगोऱ्यात अडकला, तो तिच्या आजीने हलकेच सोडवला. संक्रांतीतली गड्ड्याची जत्रा संपायच्या आत सूनबाई पुन्हा आली. झबलं एकदा धुतलं होतं. गळा ताणून 48 च होता, खालच्या काठाला एका जागी दोन टाके ओढल्यासारखे दिसत होते. लोकरीच्या टोकातून तिथे थोडी ढील दिली आणि टोकं ओवून टाकली. पिशवीत तिने दुसरं कामही आणलं होतं, बदामी लोकर, पुतण्यासाठी. बारा नंबरच्या सुयांवर टाकाऊ पांढऱ्या लोकरीने 84 टाके घालून झाले होते.